'साप्टिया?' : तमिळ जोडीदारासाठी घरातलं तमिळ

लग्न ठरल्यावर मी पहिलं तमिळ वाक्य पाठ केलं ते एका 'तमिळ शिका' पुस्तिकेतून. 'नान् उन्नै कादलिक्किरेऽन्.' म्हणजे मी तुझ्यावर प्रेम करते. आठवडाभर घोकलं आणि फोनवर म्हणून दाखवलं. पलीकडे आधी शांतता, मग हसू. तो म्हणाला, "आता पुढच्या बातम्याही सांग."

माझं माहेर अमळनेरकडचं, घरात अहिराणी. नवरा तिरुचिरापल्लीचा, नोकरी रेल्वेत, मालगाडीवर. आमचं बिऱ्हाड भुसावळला. सात वर्षांत मी तमिळ शिकले असं म्हणणार नाही, पण दहा-बारा वाक्यं अशी बसली आहेत की ती बोलताना तो वळून बघत नाही, सरळ उत्तर देतो. तेवढ्यापर्यंत कसं पोचायचं, ते सांगते.

पहिल्यांदा चूक कुठे झाली ते बघू. तमिळमध्ये लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी. हे अंतर मराठीपेक्षा पुष्कळ मोठं आहे. बातम्या, भाषणं, पाठ्यपुस्तकं एका भाषेत. स्वयंपाकघर, बाजार आणि नवरा-बायकोचं भांडण दुसऱ्या भाषेत. आपल्या खान्देशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेत 'आहे' लिहायचं आणि घरी 'शे' म्हणायचं, वहीत 'माझा' आणि तोंडात 'मना', यातच आपण वाढलो. आता विचार करा, कोणी बाहेरची सून घरात आली आणि आजीला म्हणाली, "आपण भोजन केलेत काय?" आजी रागावणार नाही, पण लुगड्याच्या पदराआड हसेल. माझ्या पुस्तिकेतल्या वाक्याचं तेच झालं होतं. शिवाय 'कादल' हा शब्द सिनेमात आणि कवितेत भरपूर, घरात फारसा नाही. घरात 'तू मला आवडतोस' असंच म्हणतात: 'एनक्कु उन्न रोम्ब पुडिक्कुं.' पुस्तकात 'पिडिक्कुम्' असतं, तोंडात 'पुडिक्कुं' होतं. 'रोम्ब' म्हणजे खूप.

पण सुरुवात या वाक्यापासूनही करू नका. ते वर्षातून दोनदा लागतं. रोज लागणारं धरा.

आधी आपला दिवस लिहून काढा

एक कागद घ्या आणि तुम्ही दोघं दिवसात नेमकं कधी बोलता ते लिहा. आमचं असं निघालं: तो ड्युटीवर निघताना, इटारसीच्या किंवा बडनेऱ्याच्या रनिंग रूमवर, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या जागी, पोचल्यावर येणारा फोन, जेवणाची वेळ, झोपायच्या आधी, आणि तब्येत बिघडली तर. गाडी चालवताना फोन बंदच असतो, त्यामुळे बोलायला मिळतात ती चार-पाच मिनिटं. प्रत्येक वेळेसाठी एकच वाक्य. पाच वेळा, पाच वाक्यं. यापेक्षा जास्त घेतलीत तर एकही तोंडात बसणार नाही.

वेळा लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की यातली बहुतेक वाक्यं 'अमुक केलंस का?' अशी आहेत. जेवलास का, पोचलास का, झोपलास का, गोळी घेतलीस का. तमिळ घरातही माया अशीच विचारपूस करून दाखवतात. 'सुप्रभात' म्हणजे 'कालै वणक्कम्' घरात कोणी म्हणत नाही; 'काप्पि कुडिच्चिया?' म्हणजे कॉफी प्यायलास का, असं विचारतात. 'नन्ड्रि' हा आभाराचा शब्दही घरात परका वाटतो. तिथे 'थँक्स' चालतं, बहुधा तेही लागत नाही.

ऐका, मग देवनागरीत लिहा

जोडीदाराला वाक्य दोनदा बोलून फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. एकदा नेहमीच्या वेगात आणि एकदा सावकाश. नेहमीच्या वेगातलं आधी घ्या, कारण सावकाश बोलायला सांगितलं की माणूस नकळत पुस्तकी बोलायला लागतो. माझ्या नवऱ्याने सावकाश म्हणताना 'साप्पिट्टाया' म्हटलं होतं आणि भरभर म्हणताना 'साप्टिया', म्हणजे जेवलास का. दुसरं खरं.

लिहायचं देवनागरीत, कानाला जसं लागलं तसं. पण आपल्या लिपीत तमिळ लिहिताना चार खाचखळगे आहेत आणि प्रत्येकाला एक युक्ती आहे.

तमिळमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही असतात. मराठीत हा भेद लिहीत नाहीत. 'कोडु' म्हणजे दे, आणि ओ लांबवला की 'कोऽडु' म्हणजे रेघ. मी दीर्घ असेल तिथे ऽ हे चिन्ह टाकते. या लेखातही तेच केलं आहे. ऽ नसेल तर ए, ओ तोडून बोलायचा.

जोडाक्षर खरोखर जोडायचं. 'एनक्कु'मधल्या क्कवर जीभ क्षणभर थांबली पाहिजे, जशी आपल्या 'पक्का'मध्ये थांबते. आपण ते ढिलं सोडतो आणि 'एनकु' म्हणतो. त्याला कळतं, पण लगेच परकं वाटतं.

मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा अ खातो, इथे तो खायचा नाही. 'रोम्ब' हा 'रोम्ब्' नाही; श्लोकात म्हणतो तसा शेवटचा अ पुरता बोलायचा. जिथे थांबायचं तिथे मी पाय मोडून लिहिते, उदाहरणार्थ 'उन्'.

आणि शेवटचे न्, म् बोलताना नाकात जातात. पुस्तकात 'वरुगिरेऽन्', तोंडात 'वरेऽं'. आपला अनुस्वार इथे फार कामाचा आहे.

महाप्राण अक्षरं, म्हणजे ख, घ, थ, ध, तमिळमध्ये नाहीतच. हे सोपं वाटतं, पण चॅटवर याच्यामुळे फसगत होते. तमिळ माणसं रोमन अक्षरात लिहिताना त साठी `th` लिहितात आणि ट साठी नुसता `t`. त्याने एकदा मला `thangam` असं पाठवलं. मी ते 'थंगम' वाचलं आणि थांबण्याबद्दल काही असेल असं वाटून "कुठे थांबलास?" विचारलं. तो शब्द 'तङ्गम्' होता, म्हणजे सोनं. लाडाने हाक मारायचा शब्द आहे हा. जळगावच्या सराफ बाजारापासून पंचवीस किलोमीटरवर राहून सोन्याला ओळखलं नाही, असं तो अजून ऐकवतो. याच पद्धतीने `saptiya` मधला t हा ट आहे, आणि `nalla thoongu` म्हणजे 'नल्ला तूंगु', छान झोप. चॅटवर ऱ्हस्व-दीर्घही कळत नाही. म्हणून नवं वाक्य चॅटवरून उचलायचं नाही, आधी ऐकायचं.

आपला ळ आणि त्यांचे दोन ळ

इथे जरा थांबते, कारण खान्देशातल्या माणसाची खरी अडचण इथेच आहे.

मराठी माणसाला ळ येतो, म्हणून तमिळ सोपं जाईल असं सगळे सांगतात. ते खरंही आहे. 'पुलि' म्हणजे वाघ आणि 'पुळि' म्हणजे चिंच. उत्तरेकडच्या माणसाला यातला फरक करायला त्रास होतो, आपल्याला नाही. पण आपल्याकडे घरच्या बोलीत ळ कुठे राहतो? धुळ्याचं 'धुये' होतं, डोळ्याचा 'डोया', केळीची 'केयी'. मी शाळेत ळ म्हणायचे आणि फोनवर घाईत बोलताना य. तमिळ बोलतानाही घाई झाली की जीभ घरी पळायची, आणि चिंचेची 'पुयि' व्हायची. पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी 'पुलि, पुळि, पुलि, पुळि' असं वीसदा म्हणत असे. बाजूची काकू म्हणायची, हिला काय झालं.

तमिळमध्ये आणखी एक ळ आहे. 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी जो आहे तोच. तो जीभ मागे वळवून, टाळूला न लावता काढायचा. रोमनमध्ये तो `zh` लिहितात. म्हणून `pazham` दिसलं तर 'पझम' वाचू नका, ते 'पळम्' आहे, म्हणजे फळ. हा उच्चार जमला नाही तरी चालतं. तमिळनाडूतच बरेच लोक तो साध्या ळसारखा म्हणतात. आणि चेन्नईकडच्या बोलीत तर त्याचा य होतो! केळ्याला 'वाळप्पळं' म्हणतात, तिकडच्या बोलीत त्याचं 'वायप्पयं' होतं, आणि बाकीचे तमिळ लोक त्यावरून त्यांची थट्टा करतात. रावेर-यावलच्या केळीच्या गाड्या जिथून जातात तिथे उभं राहून मला हे कळलं तेव्हा मी खूप हसले. आपलं 'केयी' आणि त्यांचं 'वायप्पयं'.

एक वाक्य पूर्ण घासून घ्या

'साप्टिया?' घेऊ. पुस्तकी रूप 'साप्पिट्टाया'. बोलताना मधला 'प्पि' आकसून 'प्' होतो आणि 'ट्टाया'चं 'टिया' होतं. प्रश्न विचारण्याचं काम शेवटचा आ करतो, आपल्या 'का'सारखं. म्हणून आवाज शेवटी किंचित चढतो. मराठीत पुरुषाला 'जेवलास' आणि बाईला 'जेवलीस' म्हणावं लागतं. तमिळमध्ये समोरच्याला 'तू' म्हणताना हा भेद नाही. नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला एकच 'साप्टिया' म्हणू शकतात.

पण नुसता प्रश्न येऊन उपयोग नाही, उत्तर कळलं पाहिजे. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ऐटीत विचारलं, त्याने पटकन काहीतरी उत्तर दिलं, आणि मी गप्प. म्हणून प्रत्येक प्रश्नाबरोबर येऊ शकणारी दोन उत्तरं आणि त्यावरचं एक पुढचं वाक्य शिकायचं. इथे ती अशी:

'साप्टेऽं.' जेवलो.
'इन्नुं साप्टल.' अजून नाही जेवलो. शेवटचा अ पुरता.

पहिलं उत्तर आलं तर पुढे विचारायचं, 'एन्न साप्टे?' काय खाल्लंस? यावर तो सांबार-भात, पोळी-भाजी, रनिंग रूमची डाळ असं काहीही सांगतो, आणि ते शब्द आपल्याला कळतातच. दुसरं उत्तर आलं तर, 'पोऽय् साप्टु', जाऊन जेव. एवढ्यात तीन-चार वाक्यांचं खरं बोलणं झालं. पहिले चार दिवस मी फक्त एवढंच केलं. पाचव्या दिवशी त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं, "साप्टेऽं, साप्टेऽं", आणि मग मराठीत घरची खबर विचारली. तेव्हा वाटलं, हे वाक्य आता आमचं झालं.

मग त्याच साच्यातली बाकीची एकेक करून. पोचल्यावर 'वन्दुट्टिया?' आलास का, पोचलास का. रात्रपाळीनंतर 'तूंगुनिया?' झोप झाली का. एकदा त्याला ताप होता आणि तो खांडव्याला अडकला होता. तेव्हा 'ओडम्बु एप्डि इरुक्कु?' म्हणजे अंग कसं आहे, आणि 'मात्तिर पोऽट्टिया?' म्हणजे गोळी घेतलीस का. 'पोऽट्टिया' म्हणजे खरं तर 'टाकलीस का'. आपण गोळी घेतो, ते टाकतात. या वाक्यांत पुस्तकी 'उडम्बु' म्हणू नका. तोंडात ते 'ओडम्बु' होतं.

'इरुक्कु'च्या शेवटचा उ ओठ गोल करून काढायचा नाही. तो अर्धवट, जवळजवळ नसल्यासारखा असतो. उ ठासून म्हटला की लगेच कळतं, हा वाचून शिकलेला आहे.

निघतानाचं वाक्य

हे मला सगळ्यांत आवडतं, कारण ते शिकायला मला काहीच करावं लागलं नाही. आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. तमिळमध्येही तसंच. 'पोऽरेऽं', जातो, असं म्हटलं की घरातली मोठी माणसं टोकतात. म्हणायचं 'पोऽयिट्टु वरेऽं', जाऊन येतो. आणि दारात उभं असलेल्याने म्हणायचं 'पात्तु पोऽयिट्टु वा', नीट बघून जा आणि ये. 'पात्तु' म्हणजे 'बघून'. आपण 'सांभाळून' म्हणतो त्या जागी. मालगाडीवर जाणाऱ्या माणसाला हे म्हणताना आवाज कसा लागतो ते मी लिहू शकत नाही.

तो दोन दिवस बाहेर असला की आणखी एक उपयोगी पडतं: 'उन् न्याबगमावेऽ इरुक्कु.' सारखी तुझीच आठवण येते. 'न्याबगम्' हा आपल्या 'ज्ञापक' शब्दातून गेला आहे, त्यामुळे लक्षात राहतो. हे वाक्य बोलताना घाई करू नका, आणि स्पीकर चालू नाही ना ते बघा. माझ्या बाबतीत चालू होता, आणि पलीकडे त्याच्या खोलीत आणखी दोघं होती.

तू, तुम्ही आणि सासूबाई

'नी' म्हणजे तू, 'नीङ्ग' म्हणजे तुम्ही. जुन्या पिढीत बायको नवऱ्याला 'नीङ्ग' म्हणते आणि हाक मारायला 'एन्नङ्ग', अगदी आपल्या 'अहो'सारखं. आताची जोडपी एकमेकांना बहुधा 'नी'च म्हणतात. तुमच्यात काय चालेल ते विचारून घ्या, पण सासरच्या मोठ्या माणसांसमोर त्याला 'नीङ्ग' म्हटलेलं चांगलं. मी तसंच करते.

मोठ्यांशी बोलताना 'साप्टिया' चालत नाही. तिथे 'साप्टींगळा?' सासूला अनेक घरांत 'अत्तै' म्हणतात, काही घरांत सरळ 'अम्मा'. आपल्या 'आत्या'ला जवळचा शब्द आहे, आणि तिकडे आत्या आणि सासू यांना एकच शब्द असतो, कारण आते-मामे नात्यात लग्न करायची जुनी चाल. कोणता शब्द वापरायचा हे जोडीदाराकडूनच कळेल, अंदाज नको.

पहिल्यांदा सासूबाईंना फोन केला तेव्हा मी 'अत्तै, साप्टींगया?' म्हटलं. ळ परत घरी पळाला होता. त्या क्षणभर थांबल्या, मग 'साप्टेऽं मा' म्हणाल्या. हा 'मा' बायका-मुलींना मायेने लावतात. इथे ळ का लागतो ते कळलं की चूक टळते: 'नीङ्गळ्' या पुस्तकी रूपातला ळ बोलताना शेवटी गळतो आणि 'नीङ्ग' होतं, पण पुढे प्रश्नाचा आ आला की तो परत येतो, म्हणून 'साप्टींगळा'.

आपल्या 'रे' आणि 'गं'सारखे 'डा' आणि 'डि' असतात. सिनेमात ते सारखे ऐकू येतात, म्हणून लोक आधी तेच उचलतात. 'डा' मित्रांमध्ये, लहानांना, लाडात चालतो. 'डि' बाईला लावताना फार जवळीक असली तरच, आणि चारचौघांत नाहीच. अनेक बायकांना तो उर्मट वाटतो. जोडीदाराने स्वतः तुम्हाला लावला तरच परत लावा.

कोणाचं तमिळ?

सगळं तमिळ सारखं नाही. ब्राह्मण घरात 'साप्टींगळा'च्या जागी 'साप्टेऽळा' म्हणतात आणि 'या' म्हणायच्या 'वाङ्ग'च्या जागी 'वाङ्गोऽ'. कोईमतूरकडे अदबीचा 'ङ्ग' जिथे तिथे लागतो. म्हणून ही वाक्यं जशीच्या तशी घेऊ नका. जोडीदाराच्या आईने ती कशी म्हटली असती ते विचारा आणि तसं लिहा. ती ज्या बोलीत त्याला ताटावर बोलवायची, तीच हवी.

चुकतंय की बरोबर, हे कसं कळणार? तो तुम्हाला सुधारत असेल तर फारसं बिघडलेलं नाही. हसून हिंदीत उत्तर देत असेल तर वाक्य पुस्तकी झालं आहे. काही न बोलता तमिळमध्येच पुढे बोलत गेला, तर जमलं. मात्र मग तुम्हाला काही कळणार नाही, त्याची तयारी ठेवा. तेव्हा म्हणायचं, 'मेदुवा सोल्लु', सावकाश सांग. सासूबाईंना 'मेदुवा सोल्लुंग'.

मागच्या महिन्यात त्या भुसावळला आल्या होत्या. मी सकाळी चहा दिला आणि विचारलं, "अत्तै, तूंगुनींगळा?" ळ नीट लागला. त्या म्हणाल्या, "तूंगुनेऽं मा", आणि मग अहिराणी शिकायची म्हणून मला विचारलं, जेवायला बोलावताना तुमच्याकडे काय म्हणतात.